डबा, बारा मिनिटं आणि एक अख्खा पिक्चर

लंच टाईम पंचेचाळीस मिनिटांचा असतो, हे फक्त एचआरच्या पुस्तकात. प्रत्यक्षात हिशोब करून बघा. दीड वाजता उठायचं म्हटलं, की "एक मिनिट, हा मेल पाठवते" यात पाच मिनिटं जातात. मायक्रोवेव्हसमोर लाईन असते आणि आपल्या पुढे नेमका तीन कप्प्यांचा डबा आणणारा उभा असतो. ती सात-आठ मिनिटं धरा. शेवटी डबे घासणं, हात धुणं आणि जागेवर परतणं यात दहा. उरली वीस-बावीस मिनिटं. आमचं ऑफिस रामदासपेठेत, कॅनॉल रोडच्या बाजूला. खाली उतरलं की हॉस्पिटलं, मेडिकल स्टोअर्स, पार्किंगसाठी भांडणारी मंडळी. मे महिन्यात तर पंचेचाळीस डिग्रीत खाली उतरायची कोणाची बिशाद नाही. म्हणून आम्ही पाच जण छोट्या मीटिंग रूममध्ये डबा खातो, पाण्याच्या बाटलीला टॅब टेकवून ठेवतो आणि रोज एक शॉर्ट फिल्म बघतो.

रील्स नाही, वेब सिरीजचा तुकडाही नाही. सुरू होऊन संपणारा, पूर्ण पिक्चर! सिरीजचा अर्धा एपिसोड बघून दोन वाजता एक्सेल शीट उघडली, की डोकं तिकडेच अडकून राहतं. शॉर्ट फिल्म जेवणासोबत संपते. अट एवढीच, की ती चांगली असली पाहिजे. वाईट पाहुण्यासारखी वाईट शॉर्ट फिल्मही बारा मिनिटांत तास खाते.

शोधायची कशी?

यूट्यूबवर नुसतं 'बेस्ट शॉर्ट फिल्म' टाकलंत, तर जे येतं ते बघून उपाशी उठाल. एक उदास मुलगा, पियानो, पाऊस आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उपदेश. त्यामुळे आमच्या टेबलवर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी नाव शोधायचं, मग फिल्म.

नावं मिळतात फेस्टिव्हलच्या याद्यांमध्ये, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट आपल्या कामाला येते. ऑस्करमध्ये शॉर्ट फिल्म म्हणजे क्रेडिट्स धरून चाळीस मिनिटांपर्यंतची. ती आपल्याला परवडत नाही. पण कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत मर्यादा आहे पंधरा मिनिटांची. म्हणजे कानची शॉर्टची यादी ही जवळजवळ आपल्या लंच ब्रेकसाठीच केलेली यादी! प्रत्येक वर्षाची यादी नेटवर असते. त्यातली जुनी वर्षं आधी घ्या, कारण नव्या फिल्म्स बराच काळ फेस्टिव्हलांतच फिरत असतात आणि फुकट बघायला मिळत नाहीत.

नाव मिळालं, की ते दिग्दर्शकाच्या नावासकट किंवा वर्षासकट टाईप करायचं. उदाहरणार्थ The Lunch Date 1989. वर्ष टाकलं नाही, तर त्याच नावाच्या चार रोमँटिक भानगडी समोर येतात. मग फिल्मची मूळ लांबी आणि समोरच्या व्हिडिओची लांबी जुळते का ते बघायचं. मूळ फिल्म बारा मिनिटांची आणि व्हिडिओ दोनचा, म्हणजे ट्रेलर. नऊचा असेल, तर कुणीतरी कापाकापी करून चढवलाय. चित्राच्या कडा कापल्यात, आवाज थोडा चिरका येतोय, असं दिसलं तरी सोडून द्या. दिग्दर्शकाचं, फिल्म स्कूलचं किंवा निर्मात्याचं स्वतःचं चॅनल असेल तर उत्तम.

आणखी एक चाळणी, जी कुठल्याच वेबसाईटवर नसते. डबा खाताना नजर दर दहा सेकंदांनी खाली जाते. पोळीचा तुकडा तोडायचा, वरणात बुडवायचा, शर्टावर सांडू द्यायचं नाही. एवढ्यात सबटायटलच्या दोन ओळी निघून जातात. त्यामुळे परकी भाषा आणि भरपूर संवाद, ही जोडी जेवताना नको. एकतर कळणाऱ्या भाषेतली फिल्म घ्या, म्हणजे नजर खाली गेली तरी कान चालू राहतात. नाहीतर अशी घ्या, जिच्यात बोलणंच जवळपास नाही. किआरोस्तामीची पहिली फिल्म, 1970 ची, इंग्रजीत नाव The Bread and Alley. दहा-अकरा मिनिटांची. एक मुलगा ब्रेड घेऊन घरी निघालाय आणि गल्लीत कुत्रा बसलाय. बस्स, एवढंच! इराणी भाषेचा एक शब्द कळायची गरज नाही. गल्लीत कुत्रा बसलेला असताना पुढे जायचं कसं, हा प्रश्न नागपूरच्या पोराला कुणी समजावून सांगायला हवा का?

साठ सेकंदांची परीक्षा

फिल्म सुरू झाली की आम्ही पहिल्या मिनिटात निकाल लावतो. लोगोवर लोगो, मग सूर्योदय, मग ड्रोनने वरून दाखवलेलं शहर, मग नायक उठून दात घासतोय. असं असेल तर बदला. बारा मिनिटांपैकी दीड मिनिट ज्याने अलार्म आणि टूथब्रशवर घालवलं, त्याला आपल्याकडे वेळ किती आहे हेच कळलेलं नाही. चांगली शॉर्ट फिल्म उशिरा सुरू होते, म्हणजे गोष्ट आधीच चालू असते आणि आपण मधे शिरतो. किआरोस्तामीचा पोरगा घरातून निघताना, दुकानात ब्रेड घेताना दिसत नाही. ब्रेड त्याच्या हातातच आहे. तो पायाने डबडं उडवत चाललाय, आणि बघता बघता कुत्रा समोर.

दुसरी गोष्ट म्हणजे सामान कमी. मोठ्या पिक्चरमध्ये वीस पात्रं आणि त्यांच्या तीन पिढ्या चालतात. इथे एक जागा, एक अडचण आणि हातात धरता येईल अशी एखादी वस्तू. ती वस्तू सगळं काम करते. त्या गल्लीत ते काम ब्रेड करतो. मुलगा आधी कुणीतरी मोठं माणूस येण्याची वाट बघतो. एक म्हातारा येतो, मुलगा त्याच्या मागोमाग निघतो, पण म्हातारा मधेच वळून जातो. शेवटी तो ब्रेडचा तुकडा कुत्र्याला टाकतो आणि प्रश्न सुटतो. तोच कुत्रा आता शेपूट हलवत त्याच्या मागे घरापर्यंत येतो. मुलगा आत जातो, दार बंद. कुत्रा तिथेच बसतो. आणि मग गल्लीत दुसरा एक मुलगा हातात भांडं घेऊन येताना दिसतो... एकाची सुटका झाली, दुसऱ्याची पाळी आली. एकही संवाद न बोलता.

सॅलड कोणाचं?

आता ती The Lunch Date. ॲडम डेव्हिडसनने कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना केलेली, ब्लॅक अँड व्हाईट. 1990 मध्ये कानला शॉर्ट फिल्मचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. लांबी दहा-बारा मिनिटांच्या घरात. आणि विषय जेवणाचाच! शेवट सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी बघायची आहे त्यांनी हा भाग उद्याच्या लंचनंतर वाचावा.

न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन. चांगल्या घरातली, चांगल्या कोटातली एक गोरी बाई. एका काळ्या माणसाशी धक्का लागतो, पर्स सांडते, वस्तू गोळा करेपर्यंत गाडी सुटते. पाकीट सापडत नाही. उरलेल्या चिल्लरमध्ये ती स्टेशनवरच्या उपाहारगृहात एक सॅलड घेते, टेबलवर ठेवते, आणि काटा विसरली म्हणून परत जाते. येऊन बघते तर तिच्या जागेवर फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस शांतपणे सॅलड खातोय.

ती म्हणते, हे माझं आहे. तो ऐकत नाही. ती समोर बसते आणि काटा पुढे करून त्याच प्लेटमधून खायला लागते. दोघं एकमेकांकडे बघत खातात. मग तो उठतो आणि दोन कप कॉफी घेऊन येतो, एक तिच्यासाठी. ती निघते, बाहेर आल्यावर आठवतं की पिशव्या आतच राहिल्या. धावत परत येते. माणूस नाही, पिशव्या नाहीत. ती येरझारा घालते आणि मग दिसतं... शेजारच्या टेबलवर तिचं सॅलड, न उष्टावलेलं. बाजूला पिशव्या. म्हणजे इतका वेळ ती त्याचं जेवण जेवत होती!

"अरे, हा तर बिस्किटच्या पुड्याचा मेसेज आहे!" आमच्या अकाउंट्समधला भाऊ ओरडला. बरोबर आहे. स्टेशनवर बिस्किटं वाटून खाणाऱ्या अनोळखी माणसाची गोष्ट सगळ्यांनी कधी ना कधी फॉरवर्ड केली असेल. इंग्रजी लेखक डग्लस ॲडम्सने 1984 च्या कादंबरीत तिला जागा दिली होती. मग फिल्ममध्ये वेगळं काय?

त्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी तीच फिल्म परत बघितली. खऱ्या शॉर्ट फिल्मची परीक्षा दुसऱ्या खेपेलाच होते. पहिल्या खेपेला आपण बाईच्या बाजूने बघतो. कॅमेरा तिच्यासोबत असतो, आणि सगळी टेबलं, सगळे बाक दिसायला सारखेच असल्यामुळे आपणही तिच्यासोबत चुकतो. तिच्याइतकंच आपल्यालाही वाटतं, की चोर तोच. दुसऱ्या खेपेला शेवट माहीत असतो आणि त्या माणसाकडे लक्ष जातं. एक अनोळखी, श्रीमंत बाई येऊन त्याच्या ताटात जेवायला लागली. त्याने आरडाओरडा केला नाही, कुणाला बोलावलं नाही, वर कॉफी आणून दिली. तेवढेच प्रसंग, तोच क्रम, पण गोष्ट त्याची झाली. मेसेजमध्ये शेवटी 'म्हणून कुणाबद्दल घाईने मत बनवू नका' असं तात्पर्य असतं. फिल्ममध्ये बाई फक्त हसते आणि आपली गाडी पकडायला निघते. ती सुधारली का? सांगत नाही. तुमचं तुम्ही ठरवा आणि दोन वाजता कामाला लागा!

इथेच शेवटाचे दोन प्रकार ओळखता येतात. एका प्रकारात शेवट बाहेरून येतो. ज्याच्याशी नायक बोलत होता तो भूतच होता, किंवा सगळं स्वप्न होतं. अशा फिल्मला दुसऱ्या खेपेला काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात शेवटाचं सामान सुरुवातीपासून समोरच पडलेलं असतं आणि आपण ते चुकीच्या नावाने ओळखलेलं असतं. धक्का लागणं, पाकीट, काटा आणायला जाणं, सारखे दिसणारे बाक... एकही गोष्ट फुकट नाही.

कूलरची गोष्ट

ज्या फिल्मने आमचं टेबल हललं, ती मात्र आपल्या इथलीच. 'ज्यूस', नीरज घेवान, 2017. साधारण चौदा मिनिटं, हिंदी, 'लार्ज शॉर्ट फिल्म्स'च्या यूट्यूब चॅनलवर. शेफाली शाह मुख्य भूमिकेत. हिच्यात शेवटी कसलीच कलाटणी नाही, तरीही ती बसते, आणि का बसते ते नागपूरकराला सगळ्यांत आधी कळेल.

उन्हाळ्यातली संध्याकाळ, एका मध्यमवर्गीय घरात मित्रमंडळी जमली आहेत. पुरुष बाहेर हॉलमध्ये, गप्पा आणि ग्लास. बायका आत स्वयंपाकघरात. हॉलमध्ये कूलर आहे, स्वयंपाकघरात पेटलेला गॅस. झालं, मांडणी पूर्ण! आपल्याकडे एप्रिल लागला की कूलर उतरवणं, वाळा बदलणं, मोटर तपासणं हे घरोघरी चालतं. पण तो कूलर कुठल्या खोलीच्या खिडकीत लागतो आणि कुठल्या खोलीत कधीच लागत नाही, हे कुणी मोजलंय? घेवानने ते मोजलं. अख्ख्या फिल्ममध्ये 'अन्याय' हा शब्द नाही. नुसतं तापमान आहे. एकाच घरात दोन ऋतू.

बाहेरून फर्माईश येते, आतून प्लेट जाते. शेफाली शाहचा चेहरा घामाने भरत जातो, आणि ती बोलते कमी. दिग्दर्शक तिला भाषण देत नाही. बाकी बायकांच्या गप्पांत नोकरी, बाळंतपण येतं. कामवालीला चहा कशातून द्यायचा, हेही येतं. म्हणजे आत होरपळणाऱ्यांमध्येसुद्धा वरची-खालची पायरी आहे, हे जाता जाता कळतं. आणि मग ती फ्रीजमधून थंडगार ज्यूस काढते, ग्लासात ओतते, खुर्ची उचलते, हॉलमध्ये आणते, कूलरसमोर ठेवते आणि बसते. नवऱ्याकडे बघते. हॉलमधली बडबड बंद.

मोठ्या पिक्चरमध्ये यानंतर भांडण झालं असतं, बॅग भरली असती, कोर्ट झालं असतं. इथे एक बाई खुर्चीवर बसली, एवढीच घटना. पण तेरा मिनिटं आपण तिच्यासोबत गॅससमोर उभे होतो, म्हणून ते बसणं एवढं मोठं होतं. शॉर्ट फिल्मचं गणित हेच. घटना लहान ठेवा आणि ती घडेपर्यंतचा दाब सगळा आत कोंडून ठेवा. दाबच नसेल, तर शेवटी बॉम्ब फोडूनही काही होत नाही.

आमच्याकडे फिल्म संपल्यावर रोज कुणीतरी लगेच मार्क देतं. त्या दिवशी कुणी दिले नाहीत. पाच जणांत आम्ही तिघी मुली आणि दोघं मुलगे. टेबलवर पेपर पसरणं, सगळ्यांचे डबे गरम करून आणणं आणि शेवटी चमचे-वाट्या विसळून आणणं हे आम्ही तिघी करत होतो. कुणी ठरवलं नव्हतं. तसंच पडलं होतं. संपल्याबरोबर नेहमीप्रमाणे आमच्यातल्या सगळ्यांत ज्युनियर मुलीकडे वाट्या सरकल्या. ती उठली नाही. खुर्ची मागे घेऊन एसीखाली बसून राहिली. रागाने नाही, आरामात.

"काय बाप्पा, पिक्चर अंगावर घेऊन राहिली का?" अकाउंट्सवाला भाऊ हसत म्हणाला.

"नाही जी," ती म्हणाली, "बसून राहिली फक्त."

तो हसला, मग जरा थांबला, आणि सगळ्यांच्या वाट्या उचलून बेसिनकडे गेला. दुसरा मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याची पाळी यायला आणखी आठवडा गेला. आता मीटिंग रूमच्या दारामागे एक कागद चिकटवलाय, सोमवार ते शुक्रवार, नावांसकट. सोमवार फिल्मवर ज्याचं नाव, भांडी त्याचीच. नाव खोडायचे प्रयत्न दोनदा झाले. सापडले.

या आठवड्याचा मेन्यू

सोमवारी किआरोस्तामीचा ब्रेड, कारण सोमवारी कुणाचेच संवाद ऐकायची इच्छा नसते. मंगळवारी The Lunch Date, बुधवारी तीच परत. कंटाळा येईल म्हणाल, पण येत नाही. गुरुवारी 'ज्यूस'. त्या दिवशी मायक्रोवेव्हपाशी कोण उभं आहे, ते आधी बघून ठेवा.

शुक्रवारसाठी गीतांजली राव यांची 2006 ची 'प्रिंटेड रेनबो'. पंधरा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. शहरातली एकटी म्हातारी बाई, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची रंगीत चित्रं. घरातलं जग करडं आणि काडेपेटीतलं रंगीबेरंगी. शब्द नाहीतच, तेव्हा डब्यात भरली वांगी असली तरी अडचण नाही.

आणि शनिवारी हाफ डे असेल तर नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' शोधा. 'फँड्री' आणि 'सैराट'च्या आधीची. शाळेची ओढ असलेल्या पारधी पोराची गोष्ट, पंधरा मिनिटांच्या आसपास. पिस्तुल्याची भूमिका सूरज पवारने केली होती. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' मात्र घरी बघा. ती वीस मिनिटांहून जास्त आहे, आणि घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एका लहान मुलाचं काय करतो, हे मायक्रोवेव्हच्या घरघरीत ऐकू येणार नाही. त्यासाठी हेडफोन लावा, दार बंद करा, आणि डबा बाजूला ठेवा.